कडेकडेने की मधून: सिम्प्लेक्स आणि अंतर्बिंदू पद्धती

एका यंत्राचे ११ तास आपल्या हातात आहेत असे समजू. त्यावर दोन प्रकारची कामे करता येतात. पहिल्या कामात तासाला २ एकक नफा मिळतो आणि दुसऱ्यात १ एकक; यंत्र रिकामे ठेवले तर अर्थातच काहीच मिळत नाही. पहिल्या कामाला दिलेले तास x, दुसऱ्याला दिलेले y आणि रिकामे राहिलेले s असे धरले, तर आपल्याला २x + y ही राशी शक्य तितकी मोठी करायची आहे. अट अशी की x + y + s = ११ असावे आणि तिघांपैकी कोणीही ऋण नसावे. उत्तर शाळकरी मूलही सांगेल: सगळे ११ तास पहिल्या कामाला द्यावेत आणि २२ एकक नफा घ्यावा. उत्तर आधीच ठाऊक असलेले हे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे, कारण येथे उत्तराशी नव्हे तर त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेशी आपले काम आहे.

ज्या ज्या वाटण्या या अटींत बसतात त्या सगळ्यांचा मिळून एक त्रिकोण होतो. त्याचे तीन कोपरे म्हणजे सगळे तास पहिल्या कामाला, सगळे दुसऱ्या कामाला आणि सगळे रिकामे. सरळ रेषेच्या अटी पाळून तशीच एखादी राशी सर्वांत मोठी किंवा लहान करण्याच्या अशा प्रश्नांना लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात, आणि त्यातल्या कोणत्याही प्रश्नात हेच घडते. चल कितीही असले तरी अटींमुळे सपाट भिंतींचे एक बहुफलक तयार होते, आणि उत्तर अस्तित्वात असेल तर ते त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर नक्की सापडते. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. ती एका कोपऱ्यावर उभी राहते, तेथून निघणाऱ्या कडांपैकी कोणत्या कडेने गेल्यास नफा वाढेल ते पाहते, त्या कडेने पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि वाढवणारी कडा उरली नाही की थांबते. आपल्या उदाहरणात ती ‘सगळे रिकामे’ या कोपऱ्यावरून निघते आणि एका पावलात उत्तरावर पोहोचते.

प्रश्न मोठे झाले तरी सिम्प्लेक्स बहुधा अशीच शहाण्यासारखी वागते, आणि तिची पावले साधारणपणे अटींच्या संख्येच्या काही पटींतच आटोपतात. पण ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी १९७२ मध्ये एक किंचित तिरपा केलेला घन दाखवला. n मितींच्या या घनाला २ⁿ कोपरे असतात, आणि डँटझिग यांचा मूळ नियम, म्हणजे ज्या चलामुळे दर एककामागे नफा सर्वाधिक वाढतो तो निवडण्याचा नियम, पाळला तर सिम्प्लेक्स त्यातील प्रत्येक कोपऱ्याला भेट देत जाते. तीन मितींत ही पावले सातच होतात, पण पन्नास मितींत ती दहा लाख अब्जांहून अधिक होतात, आणि सेकंदाला दहा लाख पावले टाकणाऱ्या संगणकालाही त्यासाठी सुमारे ३५ वर्षे लागतील. कडांवरून चालणाऱ्याला फक्त पायाखालची कडा दिसते. समोरचा कोपरा अवघ्या एका उडीवर असला तरी त्याला त्याचा पत्ता नसतो.

मग बहुफलकाच्या पोटातून सरळ का जाऊ नये? सोव्हिएत संघात इल्या डिकिन यांनी १९६७ मध्येच तशी एक पद्धत सुचवली होती, पण तिच्याकडे बराच काळ फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅब्समध्ये असताना जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे हा विषय खऱ्या अर्थाने मध्यभागी आला. लागणारा वेळ प्रश्नाच्या आकाराच्या एखाद्या ठरावीक घाताच्या पलीकडे जाणार नाही याची हमी तिच्यात होती, आणि ती प्रत्यक्षात वेगाने चालते असा दावाही होता. अशी हमी लिओनिद खाचियान यांच्या १९७९ च्या लंबगोल पद्धतीनेही दिली होती, पण व्यवहारात ती फार संथ ठरली. आज सॉल्व्हरमध्ये, म्हणजे असे प्रश्न सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वापरले जाते ते करमरकरांचे मूळ रूप नाही. त्याचे लॉगॅरिदमच्या कुंपणाशी असलेले नाते १९८६ मध्ये दाखवले गेले आणि पुढची घडण त्या वाटेने झाली. म्हणून येथे तीच वाट पाहू.

आतून जाण्यातली अडचण पहिल्याच पावलाला समोर येते. नफा ज्या दिशेने सर्वाधिक वाढतो त्या दिशेने सरळ निघालो, तर लवकरच एखादी भिंत आडवी येते, आणि एकदा भिंतीला चिकटलो की पुढचा प्रवास तिच्या कडेकडेनेच होतो. म्हणजे पुन्हा सिम्प्लेक्सच, तेही थोड्या गबाळ्या रूपातले. त्यामुळे भिंतीजवळ जाण्याची भीती हिशेबातच मिसळावी लागते. नुसता २x + y मोठा करण्याऐवजी आपण पुढील राशी मोठी करतो:

```
२x + y + μ (ln x + ln y + ln s)
```

एखादी राशी शून्याकडे जाऊ लागली की तिचा लॉगॅरिदम ऋण अनंताकडे कोसळतो, त्यामुळे ही बेरीज कोणालाच भिंतीला टेकू देत नाही. μ ही धन संख्या म्हणजे त्या भीतीची मात्रा होय. ती खूप मोठी असेल तर नफा जवळपास विसरला जातो आणि प्रत्येकाला ११/३, म्हणजे सुमारे ३.६७ तास मिळतात. हा त्रिकोणाचा अगदी मधला बिंदू आहे. μ हळूहळू कमी करत नेली की तोच बिंदू सरकत सरकत उत्तराच्या कोपऱ्याकडे जातो आणि मागे एक गुळगुळीत वक्र सोडतो. या वक्राला मध्यमार्ग म्हणू. अशा आतून जाणाऱ्या पद्धतींना अंतर्बिंदू पद्धती म्हणतात, आणि त्यांची मुख्य कुळे या मार्गाच्या आसपास राहून चालतात.

आपल्या लहान उदाहरणात हा मार्ग हातानेही काढता येतो. ११ तासांची सर्वांत चांगली वाटणी झाली असेल, तर शेवटचा थोडासा वेळ कोणाकडेही दिला तरी मिळणारा फायदा सारखाच असला पाहिजे. नसता तर कमी फायद्याकडचा वेळ काढून जास्त फायद्याकडे दिला असता. हा समान फायदा λ मानू. पहिल्या कामात तो खऱ्या नफ्याचे २ आणि भीतीपोटी मिळणारे μ/x मिळून होतो, दुसऱ्यात १ + μ/y आणि रिकाम्या वेळेत नुसता μ/s. तेव्हा अटी अशा होतात:

```
x (λ − २) = μ
y (λ − १) = μ
s λ = μ
x + y + s = ११
```

λ = ३ घेऊन पाहा. मग x = μ, y = μ/२ आणि s = μ/३ मिळतात, आणि त्यांची बेरीज ११ होण्यासाठी μ बरोबर ६ असावी लागते. वाटणी होते ६, ३ आणि २ तास, नफा १५. λ = २.१ घेतले तर μ सुमारे ०.९७ येते, वाटणी ९.६६, ०.८८ आणि ०.४६ होते आणि नफा २०.२० वर जातो. λ = २.०१ ला वाटणी १०.८४, ०.११ आणि ०.०५ अशी होते व नफा २१.७८ होतो. कोपरा जवळ आला आहे, पण भिंतीला अजून स्पर्श झालेला नाही.

λ हा नुसता मधला आकडा नव्हे. तो एका तासाचा लावलेला भाव आहे. जोवर तो २ पेक्षा कमी नाही, तोवर कोणत्याही कामात एका तासातून λ पेक्षा जास्त नफा निघू शकत नाही, म्हणून एकूण नफा ११λ च्या वर जाणे अशक्य. λ = ३ असताना ही कमाल मर्यादा ३३ आहे आणि हातात १५ आहेत; फरक १८, म्हणजे बरोबर ३μ. λ = २.०१ ला मर्यादा २२.११, हातात २१.७८, आणि फरक ०.३३, पुन्हा ३μ इतकाच. मध्यमार्गावर हा फरक नेहमी μ च्या तितक्याच पट असतो जितक्या भिंती आहेत. त्यामुळे उत्तर माहीत नसतानाही ते आणखी किती दूर असू शकते हे पद्धतीला प्रत्येक टप्प्यावर ठाऊक असते, आणि थांबायचे कधी हा प्रश्न आपोआप सुटतो. माझ्या मते या सबंध विषयातला सर्वांत देखणा भाग हाच आहे.

मोठ्या प्रश्नात मात्र वरची समीकरणे अशी सहज सुटत नाहीत, कारण त्यांत अज्ञातांचे गुणाकार आहेत. तेथे न्यूटनची पद्धत वापरतात: आहे त्या बिंदूपाशी समीकरणे सरळ रेषेची आहेत असे मानायचे, त्यातून दिशा काढायची आणि त्या दिशेने एक पाऊल टाकायचे. हे एक पाऊल जवळून पाहण्यासारखे आहे. आपण ६, ३, २ या वाटणीवर λ = ३ सह उभे आहोत आणि तिन्ही गुणाकार ६ आहेत. आता ते दहा पटींनी उतरवून ०.६ करायचे, असे ठरवले. λ मधील बदल dλ आणि x मधील बदल dx धरला, तर पहिल्या समीकरणातून १·dx + ६·dλ = −५.४ मिळते, आणि इतर दोन समीकरणेही तशीच. तिघांच्या बदलांची बेरीज शून्य असली पाहिजे, कारण एकूण तास बदलत नाहीत. ही अट घातली की dx, dy आणि ds हिशेबातून निघून जातात आणि एकच समीकरण उरते:

```
(६/१ + ३/२ + २/३) dλ = −९.९
```

कंसातली बेरीज ८.१६७ आहे, म्हणून dλ = −१.२१. तासांतले बदल येतात +१.८७, −०.८८ आणि −०.९९. तासांच्या बाजूने पूर्ण पाऊल टाकता येते आणि नवी वाटणी ७.८७, २.१२, १.०१ अशी होते. भावाच्या बाजूने मात्र पूर्ण पाऊल टाकले तर λ १.७९ वर येईल. तो २ च्या खाली गेला की कमाल मर्यादा म्हणून त्याला अर्थ उरत नाही. सरळ रेषेचे गृहीतक येथे फसते आणि सॉल्व्हर नेमके येथेच पाऊल आखडते घेतो. भिंतीपर्यंतचे जे अंतर आहे त्याच्या समजा ९० टक्केच चालायचे ठरवले, तर λ २.१ वर थांबतो. आता नफा १७.८७ आहे, मर्यादा २३.१, आणि फरक १८ वरून ५.२३ वर आला आहे. हे एवढे काम एकाच समीकरणाने केले.

पण पावलाची किंमतही नोंदवली पाहिजे. तिन्ही गुणाकार आता सारखे राहिलेले नाहीत, ते ०.७९, २.३३ आणि २.१२ असे झाले आहेत, म्हणजे आपण मध्यमार्गावरून ढळून एका भिंतीच्या जरा अधिक जवळ आलो आहोत. यानंतरही घाई केली तर ती भिंत लगेच आडवी येईल, पाऊल आणखी आखडावे लागेल, आणि मग असे बारीक बारीक पावलांचे रडगाणे सुरू होते. सॉल्व्हर चालताना प्रत्येक पावलाची जी नोंद छापतो त्या लॉगमध्ये पावलाची लांबी ०.९ च्या आसपास असायची ती सलग ०.०५ किंवा ०.०१ दिसू लागली, तर बिंदू भिंतीला चिकटला आहे, किंवा मूळ प्रश्नाचे आकडे फार विषम मापांत लिहिलेले आहेत, असे समजावे. यावरचा रूढ उपाय संजय मेहरोत्रा यांनी १९९२ मध्ये मांडला. गुणाकार एकदम शून्यावर न्यायचे असे मानून आधी फक्त अंदाजाचे पाऊल काढायचे. ते किती दूर जाते ते पाहून प्रत्यक्षात μ किती उतरवायची ते ठरवायचे, आणि सरळ रेषेच्या गृहीतकातून आलेली चूकही त्याच वेळी दुरुस्त करायची. दोन्ही पावलांना समीकरणांची डावी बाजू एकच लागते, त्यामुळे जड काम एकदाच करावे लागते.

हे जड काम कोठे आहे, ते वरच्या कंसातच दिसते. आपल्याकडे अट एकच होती, म्हणून तेथे एकच संख्या आली. दहा हजार अटी असतील तर तेथे दहा हजार ओळी आणि तितक्याच स्तंभांचा मॅट्रिक्स येतो, आणि तो प्रत्येक पावलाला नव्याने सोडवावा लागतो. सिम्प्लेक्सचे पाऊल याच्यापुढे फारच हलके असते, कारण एका कोपऱ्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जाताना एकच स्तंभ बदलतो. तरीही अंतर्बिंदू पद्धत टिकते ती पावलांच्या संख्येमुळे. सिद्धांतानुसार ही संख्या चलांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू शकते, पण व्यवहारात लाखो चल असले तरी ती बहुतेक वेळा काही डझनांतच राहते. थोडक्यात, एकीकडे हजारो हलकी पावले आणि दुसरीकडे तीस-चाळीस अतिशय जड पावले, असा हा सामना आहे.

यात कोण जिंकेल ते बरेचसे त्या मॅट्रिक्सच्या विरळपणावर ठरते. दोन अटींत एखादा चल सामाईक असेल तरच मॅट्रिक्समधली त्या दोघांची जागा भरते. बहुतेक प्रश्नांत प्रत्येक चल मोजक्याच अटींत येतो, त्यामुळे मॅट्रिक्समध्ये बहुतांश शून्ये राहतात आणि काम झपाट्याने होते. पण एखादा चल सगळ्या दहा हजार अटींत डोकावत असेल, तर तो एकटाच मॅट्रिक्सच्या सगळ्या दहा कोटी जागा भरून टाकतो. अशा वेळी लॉगमध्ये पहिल्या पावलाच्या आधीच, मॅट्रिक्सचे अवयव पाडल्यावर शून्येतर संख्या किती होतील याचा जो अंदाज छापलेला असतो, तो अवाढव्य दिसतो. चांगले सॉल्व्हर असे दाट स्तंभ ओळखून वेगळे हाताळतात, पण प्रश्न लिहिणाऱ्यानेच तो चल अनेक लहान चलांत वाटून दिला तर अधिक बरे.

आणखी एक फरक सहसा लक्षात येत नाही. दुसरे काम ऋण नसावे ही अट कोणी चुकून दोनदा लिहिली, तर सिम्प्लेक्सच्या दृष्टीने त्रिकोण तोच राहतो. अंतर्बिंदू पद्धतीत मात्र ln y दोनदा मोजला जातो, y ची भीती दुप्पट होते आणि मध्यमार्ग त्या भिंतीपासून दूर वळतो. उत्तर बदलत नाही, वाट बदलते. अशा अनावश्यक अटी भरमसाट संख्येने घालून क्ली-मिंटी घनातला मध्यमार्गही प्रत्येक कोपऱ्याजवळून फिरेल इतका वाकवता येतो, हे २००८ मध्ये दाखवले गेले. आतून जाणाराही सर्वस्वी सुरक्षित नाही, तर!

आता उत्तराच्या स्वरूपाकडे वळू. दुसऱ्या कामातही तासाला २ एककच मिळतात असे माना. मग ते दोन कोपरे जोडणारी सबंध कडाच उत्तर होते. सिम्प्लेक्स त्यापैकी एका टोकावर थांबते आणि सांगते, सगळे ११ तास एकाच कामाला द्या. अंतर्बिंदू पद्धतीत मात्र x आणि y यांची समीकरणे एकसारखी होतात, दोघांनाही μ/(λ − २) इतके तास मिळतात, आणि μ शून्याकडे गेली की उत्तर येते ५.५ आणि ५.५. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण त्यांचा उपयोग एकच नाही. कोणत्या कामांना हात लावायचा आणि कोणती पूर्ण सोडून द्यायची हे ज्याला ठरवायचे आहे त्याला कोपरा हवा असतो. या मधल्या उत्तरात शक्य तितके सगळेच चल थोडे थोडे धन राहतात. शिवाय ते कधीच नेमके शून्यावर टेकत नाहीत, ०.००००००३ तास असा आकडा हाती येतो, आणि तो शून्य आहे की खरोखरच लहान आहे हे आपल्याला ठरवावे लागते.

म्हणून बहुतेक सॉल्व्हर शेवटी क्रॉसओव्हर नावाची एक पायरी चढतात. आतला बिंदू हातात घेऊन त्यातला एकेक चल भिंतीवर ढकलत ते कोपऱ्यापर्यंत येतात, आणि उरलेसुरले काम सिम्प्लेक्सच्या काही पावलांनी पुरे करतात. कधीकधी ही पायरी मूळ पद्धतीपेक्षाही जास्त वेळ खाते. लॉगमध्ये अंतर्बिंदूचा भाग दोन मिनिटांत संपला आणि पुढचा अर्धा तास क्रॉसओव्हरच चालला आहे असे दिसले, तर आपल्याला कोपऱ्याची खरोखर गरज आहे का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. फक्त नफ्याची रक्कम किंवा भाव हवे असतील, तर क्रॉसओव्हर बंद करता येतो.

एका बाबतीत मात्र सिम्प्लेक्सची जागा अद्याप कोणी घेतलेली नाही. आपण २२ एककांच्या उत्तरावर पोहोचलो आणि लगेच कळले की दुसऱ्या कामाचा नफा १ नसून ३ झाला आहे. सिम्प्लेक्स आपल्या कोपऱ्यावर उभीच असते; ती नवा भाव पाहते आणि एका पावलात शेजारच्या कोपऱ्यावर जाते. अंतर्बिंदू पद्धतीच्या हातात मात्र x जवळपास ११, y आणि s जवळपास शून्य, आणि २ ला टेकलेला λ असा बिंदू असतो, आणि दुसऱ्या कामासाठी λ आता निदान ३ हवा. भिंतीला इतके जवळ असताना वळायला जागा नसते, पावले आखडतात, आणि बहुधा जुना बिंदू टाकून मधूनच नव्याने सुरुवात करणे स्वस्त पडते. पूर्णांकांतली उत्तरे शोधताना हेच हजारो वेळा घडते: एकेका चलावर लहानशी अट वाढवून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो. त्यामुळे तेथे पहिला, मूळ प्रश्न प्रचंड असेल तर तो अंतर्बिंदू पद्धतीने सोडवतात, क्रॉसओव्हरने कोपरा मिळवतात, आणि अटी वाढवून तयार झालेले पुढचे सगळे प्रश्न सिम्प्लेक्सच्या ‘ड्युअल’ रूपाकडे सोपवतात, कारण नवी अट आली तरी त्या रूपात आधीचे भाव तसेच चालू राहतात आणि बहुधा मोजक्या पावलांत काम होते.